सोळा मिनिटांचा हिशेब

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका मित्राचा मशीनिंगचा कारखाना होता. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, त्याच्या मशीनवर त्याला भोकं आणि आटे पाडले जायचे, पृष्ठभाग मापात आणला जायचा आणि मग तो भाग पुढच्या कंपनीकडे जायचा. अकरा कामगार, भाड्याची शेड, दोन जुनी टर्निंग सेंटर आणि अलीकडे कर्ज काढून घेतलेली दोन व्हीएमसी. हा कारखाना बंद पडला. लहान कारखान्यांच्या उत्पादनखर्चाचे हिशेब करणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे कारखाने बंद पडताना मी बरेच पाहिले आहेत. हा मात्र शाळेपासूनचा मित्र होता, आणि त्याचे हिशेब आजवर दुसरं कोणीतरी पाहत होतं.

पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या घरी माणसांची रीघ लागली. सगळे प्रेमानं यायचे. कोणी म्हणायचं, होईल सगळं ठीक. कोणी म्हणायचं, तुझ्यासारख्या सरळ माणसाला हे असं व्हायला नको होतं. एक काका तर त्याचा हात हातात घेऊन नुसते बसून राहिले आणि जाताना वहिनींना म्हणाले, "पोरगं खचलंय, जपा." हे त्यानं ऐकलं. एकानं लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली: लोखंडी नांगर सुरुवातीला विकला जात नव्हता, शेतकरी म्हणायचे जमिनीत विष भिनेल, तरी त्यांनी धीर सोडला नाही, वगैरे. पाहुणे गेल्यावर माझा मित्र मला म्हणाला, "भावा, मला आता कुणी किर्लोस्कर सांगू नका."

मला त्याचं पटलं. पण ती गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना, कारण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. लक्ष्मणरावांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आधी बांधकामाचं काम दिलं, मग कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, भांडवलाला मदत केली, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपण ही गोष्ट चिकाटीची म्हणून सांगतो. पण त्यात बाळासाहेबही आहेत, आणि त्यांनी काम दिलं, जागा दिली, पैसे दिले. समोरच्या माणसाच्या हातात कसब आहे हे ओळखून त्या कसबाला पुढचं काम दिलं. माझ्याकडे माळ नव्हता. हिशेब करता येतो, तेवढाच होता. तेव्हा मी तोच घेऊन त्याच्याकडे जायचं ठरवलं.

मी त्याला विचारलं, "कागद कुठे आहेत?" कपाटाच्या खालच्या खणात न फोडलेल्या पाकिटांचा गठ्ठा होता. पाकिटं फोडायची नाहीत, फोन उचलायचा नाही, हे मी या धंद्यात वारंवार पाहिलेलं आहे. माणसाला आतला आकडा साधारण माहीत असतो. त्याला भीती असते ती पाकिटात आपल्याबद्दल काहीतरी निकाल लिहिलेला असेल याची. आम्ही जेवणाच्या टेबलावर एकेक पाकीट फोडलं. मी मोठ्यानं वाचायचो, तो तारीख आणि रक्कम वहीत लिहायचा. लिहिण्याचं काम मी मुद्दाम त्याच्याकडे ठेवलं. त्याचं दुःख मी उचलू शकत नव्हतो, आणि त्याची वही त्याच्या हातातून काढून घेणं तर अजिबातच बरं नव्हतं.

त्यात बँकेची एक नोटीस होती, सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खालची. ती वाचल्यापासून, म्हणजे पाकिटावरचं बँकेचं नाव वाचल्यापासून, त्याला वाटत होतं की कोणत्याही सकाळी माणसं येऊन राहत्या फ्लॅटला कुलूप लावतील. कर्जाला हा फ्लॅट तारण होता. मी त्याला धीर दिला नाही, नोटीस समजावून सांगितली. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादक होतं. मग ही नोटीस येते, आणि नोटिशीच्या तारखेपासून साठ दिवस पैसे भरायला असतात. त्या मुदतीत आपलं म्हणणं लेखी मांडता येतं आणि बँकेला त्याला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. साठ दिवस संपल्यावर बँक ताबा घेऊ शकते. आधी तो बहुतेक वेळा कागदोपत्री असतो. विक्रीच्या आधी पुन्हा तीस दिवसांची नोटीस. त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला पंचेचाळीस दिवस. हे सगळं सांगून झाल्यावर मी हेही सांगितलं की यातल्या कशानंच कर्ज माफ होत नाही आणि काही केलं नाही तर फ्लॅट खरंच जाईल.

तो बराच वेळ वहीकडे बघत होता. मग त्यानं कॅलेंडर आणलं आणि साठावा दिवस कुठला येतो तो मोजला. घराला कुलूप लागेल ही भीती होती तशीच राहिली, पण तिला आता तारीख होती. तारखेच्या आधी काय करायचं ते ठरवता येतं.

त्याच संध्याकाळची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गठ्ठ्यात त्याच्या आयुर्विम्याची कागदपत्रं सर्वांत वर, नीट लावून ठेवलेली होती, आणि बाकी सगळं अस्ताव्यस्त. वहिनींनीही मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हल्ली तो पॉलिसी कुठे आहे, वारस कोण लावलाय, हे त्यांना पुन्हापुन्हा दाखवतो. अशा वेळी हिशेबाची वही मिटायची असते. मी वहिनी आत गेल्यावर त्याला सरळ विचारलं, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" तो दचकला नाही. म्हणाला, "येऊन गेलंय." असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, असा समज आहे, तो खरा नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि सरकारच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा नंबर त्याच्या आणि वहिनींच्या फोनमध्ये घातला. गोळ्या सुरू झाल्या. मित्राला धीर देण्याच्या नावाखाली हा प्रश्न टाळणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आजही राग येतो.

मग देण्यांची यादी. इथे आमचं पहिलं भांडण झालं. त्याला सर्वांत आधी मेव्हण्याचे तीन लाख फेडायचे होते. कारण स्पष्ट होतं: बँकेचा अधिकारी लग्नकार्यात भेटत नाही, मेव्हणा भेटतो. माझं म्हणणं होतं की आधी कामगार. पगारातून कापून घेतलेला ईएसआयचा हिस्सा भरायचा राहिला असेल तर तो सर्वांत आधी, कारण तो पैसा मुळात आपला नसतोच. मग थकलेले पगार, मग ग्रॅच्युइटी. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ग्रॅच्युइटी लागू होते आणि त्याच्याकडे अकरा होते. सर्वांत जुना ऑपरेटर नऊ वर्षं होता, मूळ पगार १५,०००. पंधरा हजारांना सव्वीसनं भागायचं, पंधरानं गुणायचं, पुन्हा नऊनं गुणायचं: सुमारे ७८,००० रुपये. त्यानंतर हत्यारांच्या दुकानदाराला दिलेले पुढच्या तारखांचे चेक. चेक न वटल्याचं कळल्यापासून दुकानदार तीस दिवसांत नोटीस देऊ शकतो, आणि ती मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी खटला उभा राहतो. म्हणून दुकानदाराकडे आधी जाऊन चेक बदलून घ्यायचे, छोट्या हप्त्यांचे. मेव्हणा शेवटी.

"तुला काय जातं सांगायला," तो चिडून म्हणाला. "दिवाळीला तोंड मला दाखवायचंय."

मी माघार घेतली नाही. कारखाना बुडालेल्या माणसाशी सगळे एकदम गोड बोलायला लागतात, त्याचं चुकीचं बोलणंही मान डोलवून ऐकतात, आणि त्यातून त्याला नेमकं कळतं की आता आपल्याला कोणी धरत नाही. आम्ही त्या दिवशी आवाज चढवून भांडलो, जसे पूर्वी भांडायचो. दोन दिवसांनी त्यानंच मेव्हण्याला फोन करून सांगितलं की तुमचे पैसे बुडणार नाहीत, पण सर्वांत शेवटी मिळतील, आणि का ते. मेव्हणा वाटलं होतं त्यापेक्षा शांतपणे बोलला. कामगारांनाही त्यानं स्वतःच शेडमध्ये बोलावून, कोणाचं किती निघतं तो कागद प्रत्येकाच्या हातात देऊन सांगितलं. मी तिथे गेलो नाही. ते काम त्याचं होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. धंदा का बुडाला? याची त्याच्याकडे दोन उत्तरं होती आणि तो त्यांच्यामध्ये हेलकावे खात होता. एका दिवशी, कंपनीनं बुडवलं: दोन वर्षं काम दिलं, त्या कामासाठी मला दोन व्हीएमसी घ्यायला लावली, पैसे चार-चार महिन्यांनी दिले आणि मग काम दुसऱ्याला दिलं. दुसऱ्या दिवशी, मीच नालायक, आपल्याला धंदा करायची अक्कलच नाही. पहिल्या उत्तरात बरंच तथ्य होतं. पण या दोन्ही उत्तरांनी त्याच्या हाती काही लागत नव्हतं. मी म्हटलं, त्या भागाचा कोटेशनचा कागद काढ आणि दोन वर्षांची उत्पादन नोंदवही काढ.

भाग म्हणजे बिडाचं एक हाउसिंग. कोटेशनमध्ये त्यानं मशीनवरचा वेळ चौदा मिनिटं धरला होता आणि मशीनचा दर तासाला चारशे रुपये. चारशेला साठनं भागून चौदानं गुणलं की त्र्याण्णव रुपये येतात; घासाघीस होऊन ९५ रुपयांना काम ठरलं. चारशेचा दर त्यानं हवेतून काढला नव्हता. एका व्हीएमसीचा महिन्याचा खर्च त्यानं मांडला होता: कर्जाचा हप्ता ४८,०००, दोन पाळ्यांच्या दोन ऑपरेटरांचे ३६,०००, वीज १२,०००, हत्यारं, इन्सर्ट आणि कूलंट १८,०००, भाडं, तपासणी, वाहतूक यांचा वाटा २६,०००. बेरीज १,४०,०००. महिन्याचे पंचवीस दिवस, दोन पाळ्या, पाळीचे सात तास, म्हणजे साडेतीनशे तास. भागाकार बरोबर चारशे. कागदावर चूक शोधून सापडत नाही.

मग आम्ही नोंदवही घेतली. साडेतीनशे तास मशीन एकाही महिन्यात चाललं नव्हतं. कधी कास्टिंग उशिरा यायचं, कधी एखाद्या लॉटमध्ये बीड कठीण निघायचं आणि इन्सर्ट फुटायचे, कधी वीज जायची, कधी एका भागावरून दुसऱ्यावर जाताना सेटिंगला अर्धी पाळी जायची. सरासरी तीनशे तास. तास कमी झाल्यानं वीज आणि हत्यारांचा खर्च थोडा उतरला होता, महिन्याला १,३५,००० पडत होते. पण हप्ता आणि भाडं तास बघत नाहीत. एक लाख पस्तीस हजारांना तीनशेनं भागलं की तासाचा दर साडेचारशे होतो. आणि वेळ? चौदा मिनिटं हा मशीनच्या पडद्यावर दिसणारा वेळ होता, प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचा. भाग फिक्स्चरमधून काढायचा, बैठक हवेनं साफ करायची, नवीन भाग ठेवून आवळायचा, याला दोन मिनिटं लागतात. एका पाळीत किती भाग निघाले त्यावरून मागे मोजलं की प्रत्येक भागाला सोळा मिनिटं येत होती. साडेचारशे भागिले साठ गुणिले सोळा: एकशे वीस.

एका हाउसिंगमागे पंचवीस रुपये घरचे जात होते. तीनशे तासांत एका मशीनवर सव्वाअकराशे भाग होतात, म्हणजे महिन्याला २८,००० रुपये, दोन मशीनचे ५६,०००. दोन वर्षांचे साडेतेरा लाख. टर्निंग सेंटरवर उद्यमनगरातल्या पंपवाल्यांची जुनी कामं चांगल्या दरानं चालायची. त्यातला नफा हा खड्डा भरत राहिला, आणि नंतर कॅश क्रेडिटची मर्यादा भरली. मालक रात्रंदिवस कामात, शेडमध्ये मशीन चालताहेत, गाड्या भरून जाताहेत, त्यामुळे तोटा होतोय हे जाणवत नाही. अशा कारखान्यात ते ओळखायची खूण साधी असते: उलाढाल वाढतेय आणि कॅश क्रेडिट खातं महिनाअखेरीला दर वेळी आधीपेक्षा जास्त तळाला जातंय. उधारी वाढल्यानंही असं होतं. म्हणून येणं बाजूला काढून पाहायचं. येणं तेवढंच असून खातं तळाला जात असेल, तर गळती दरात आहे.

त्यानं गुणाकार स्वतः पुन्हा केला. मग म्हणाला, "म्हणजे कंपनीनं काम काढून घेतलं नसतं तरी बुडलोच असतो."

"हो. थोडं उशिरा, आणि जास्त खोलात."

हे बोलणं कठोर वाटेल. मला ते बोलताना जड गेलं. पण मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि तिथे मला सुटका दिसली. नालायक असण्यावर इलाज नसतो. दोन मिनिटं आणि पन्नास तास यांच्यावर असतो. आणि त्याच नोंदवहीत दुसरी बाजूही होती, जी कोणी त्याला सांगितली नव्हती. कंपनीकडून नापास होऊन परत आलेले भाग आम्ही मोजले. त्यातले बहुतेक कास्टिंगमधल्या वाळूच्या छिद्रांमुळे परत आलेले. मापात चुकलेले हजारी दोन-तीनसुद्धा नव्हते. बेअरिंग बसण्याच्या भोकाला शतांश मिलिमीटरमध्ये मोजायची सूट होती आणि ती दोन वर्षं, दोन पाळ्या, पाळली गेली होती. मी त्याला "तू हुशार आहेस" असं म्हटलं नाही. मी ती दोन पानं त्याच्यापुढे ठेवली: एकावर दर काढण्यातली चूक, दुसऱ्यावर माप राखण्यातलं कसब. दोन्ही त्याच्याच अक्षरात.

मशीन विकण्याच्या वेळी हे कसब मी प्रत्यक्ष पाहिलं. मशीन बँकेकडे नजरगहाण, तिच्या संमतीशिवाय विकता येत नाहीत. बँकेचा कल शेडला कुलूप लावून रीतसर लिलाव करण्याकडे होता. आम्ही शाखेत गेलो तेव्हा बोलायचं मी असं ठरलं होतं. पण अधिकारी म्हणाले, कुलूप लावल्यावर मशीनला काय होतंय, लोखंडच तर आहे, आणि माझा मित्र खुर्चीत पुढे सरकला. त्यानं त्यांना सांगितलं की सीएनसी कंट्रोलच्या स्मृतीला बॅटरी असते. वीज तोडून मशीन महिनोन्महिने पडून राहिलं की ती उतरते आणि त्याबरोबर मशीनचे पॅरामीटर पुसले जातात. मग ते सुरू करायला मशीनच्या कंपनीचा माणूस बोलवावा लागतो, आणि तो येईपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तेल न घातलेल्या गाइडवेवर गंज चढतो. जुनं मशीन घेणारा माणूस स्पिंडल फिरवून आवाज ऐकतो, डायल लावून स्पिंडलचा रनआउट बघतो, एक कट मारून पाहतो. चालू मशीनचा भाव आणि बंद मशीनचा भाव यात काही लाखांचा फरक पडतो, आणि तो फरक बँकेच्याच खात्यात येणार आहे. अधिकाऱ्यांनी मध्येच पेन उचललं आणि लिहून घ्यायला लागले. बऱ्याच दिवसांनी मी त्याला पूर्ण वाक्यांत, न अडखळता बोलताना ऐकत होतो. मी एक शब्द बोललो नाही.

बँकेनं ठरावीक मुदत दिली, अट अशी की पैसे थेट कर्जखात्यात जमा व्हावेत. तो रोज सकाळी शेडवर जायला लागला. मशीन चालू करायचा, स्पिंडल गरम होईपर्यंत फिरवायचा, गाइडवे पुसायचा, पत्र्याचे गार्ड उघडून आतला कीस काढायचा. गिऱ्हाइकांना तो मशीनचे दोषही सांगायचा: एकाच्या टूल चेंजरचा हात एकदा बदललाय, बिल हे बघा. प्रत्येकी अठ्ठावीस लाखांची दोन मशीन सतरा आणि साडेसोळा लाखांना गेली. पडत्या घाईत हे वाईट नाही.

कंपनीकडे साडेआठ लाख अडकले होते. तो ते मागायला कचरत होता, वसाहतीत नाव खराब होईल म्हणून. त्याची उद्यम नोंदणी काम सुरू होण्याआधीपासूनची होती. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा पुरवठादाराला करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सुविधा परिषदेपुढे दावा लावता येतो. तिथे निकालाला वेळ लागतो, हे मी त्याला आधीच सांगितलं. आम्ही प्रथम व्याजाचा तक्ता जोडून पत्र लिहिलं. पत्रात राग नव्हता, फक्त बिलांचे क्रमांक, तारखा, दिवस आणि व्याज. काही आठवड्यांत कंपनीच्या हिशेब विभागानं ताळमेळासाठी बोलावलं. कास्टिंगच्या दोषांचे भाग त्यांनी याच्याच नावावर कापले होते. त्यावरून वाद झाला आणि थोडा अजून चालू आहे. सहा लाख हाती आले, तेही बँकेकडे गेले.

बँकेच्या चव्वेचाळीस लाखांच्या देण्यातले साडेचार उरले. इथे बँकेनं एकरकमी तडजोडीचा पर्याय ठेवला: थोडं कमी भरा, खातं मिटवू. मी दोन्ही बाजू मांडल्या. तडजोड केली की पैसे वाचतात, पण पतनोंदीत खातं पूर्ण फेडलेलं दिसत नाही, तडजोडीनं मिटवलेलं दिसतं आणि पुढे कर्ज मागताना ते आड येतं. पूर्ण फेडलं तरी थकलेल्या महिन्यांची नोंद काही काळ राहतेच. काय करायचं ते मी सांगितलं नाही. त्यानं वहिनींशी बोलून पूर्ण फेडायचं ठरवलं, महिना पंचवीस हजारांच्या हप्त्यानं. मी असतो तर कदाचित तडजोड घेतली असती. पण ते मी त्याला आजवर बोललो नाही, कारण तो निर्णय त्याला परवडणारा होता आणि त्याचा होता.

हप्त्याला पैसे कुठून येणार, हा प्रश्न होताच. गोकुळ शिरगावातल्या एका फाउंड्रीचे मालक माझे अशील आहेत. ते स्वतःच मशीनिंग सुरू करायच्या विचारात होते. मी त्यांना मित्राची करुण कहाणी सांगितली नाही. सांगितलं ते एवढंच: हा माणूस हाउसिंगचं भोक दोन वर्षं मापात राखत होता, कास्टिंगमधला दोष मशीनवर जाण्याआधी ओळखतो, आणि त्याचा कारखाना दर कमी लावल्यानं बंद पडला आहे. शेवटची गोष्ट लपवली असती तर ती त्यांना चार दिवसांत बाहेरून कळली असती, आणि मग पहिल्या दोन गोष्टींवरही त्यांचा विश्वास राहिला नसता. त्यांनी आधी एकाच भागाच्या फिक्स्चरचं आणि दराचं काम दिलं, मेहनताना ठरवून. मित्रानं त्या कामासाठी शेडच्या दारात स्टॉपवॉच घेऊन उभं राहून भाग बसवण्या-काढण्याचा वेळ मोजला, आणि फिक्स्चरला हातानं आवळायच्या क्लॅम्पऐवजी हवेवर चालणारे क्लॅम्प सुचवले. आता तो तिथे आठवड्यातले चार दिवस जातो.

एक टर्निंग सेंटर बँकेच्या संमतीनं विकून कामगारांचं सगळं देणं आणि हत्यारवाल्याचं बरंचसं भागलं. दुसरं त्यानं ठेवलं आहे, उद्यमनगरात एकाच्या गाळ्यात कोपरा भाड्यानं घेऊन. जुने पंपवाले इम्पेलर आणि शाफ्टची कामं पुन्हा देऊ लागले आहेत. शिरोलीच्या पत्त्यावरची जीएसटी नोंदणी मात्र त्यानं रद्द केली नाही, नव्या जागेवर वळवून घेतली. रद्द केली असती तर हातातल्या मशीनवर घेतलेल्या कराचा काही भाग परत भरावा लागला असता, आणि तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरायचं काम लागलं असतं. या बदलाचा अर्ज त्यानं स्वतः केला, मला नंतर कळवलं.

गेल्या महिन्यात एका पंपवाल्यानं त्याच्याकडे शाफ्टचा दर सात रुपयांनी कमी मागितला आणि महिना हजार नगांचं आमिष दाखवलं. तो मला फोनवर आकडे सांगत होता: सेटिंगचे तास, हत्यारांचा खर्च, पैसे किती दिवसांनी मिळणार. मी विचारलं, मग काय सांगितलंस? म्हणाला, "नाही म्हटलं. पाचशे नग जुन्या दरानं दे म्हणालो, तर तो विचार करून सांगतो म्हणालाय." मेव्हण्याचे पहिले पन्नास हजार या दिवाळीत द्यायचे आहेत, आणि पंपवाल्याचं उत्तर अजून आलेलं नाही.